प्लाझ्माच्या पिशवीमागचा परिच्छेद

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच साच्याचे निरोप फिरत होते. रुग्णाचा रक्तगट, रुग्णालयाचे गाव, नातेवाइकाचा फोन नंबर आणि शेवटी ‘कोविडमधून बरे झालेल्यांनी कृपया प्लाझ्मा द्यावा’ अशी विनवणी. मुलगा आतमध्ये बापाशेजारी बसायचे सोडून दाता शोधत रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवत होता. त्या वेळी भारतातल्याच ३९ रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध होऊन सहा महिने झाले होते. निकाल असा होता की मध्यम स्वरूपाच्या कोविडमध्ये प्लाझ्मा दिल्याने आजार बळावण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही.

मग निकाल हाती असूनही धावपळ का चालू राहिली? भीती आणि हतबलता ही कारणे होतीच. पण वैद्यकीय वर्तुळातल्या वादात आणखी एक कारण वारंवार पुढे येत होते. प्लाझ्माच्या समर्थकांनी त्या शोधनिबंधातला ‘मर्यादा’ हा भाग वाचला होता. त्या चाचणीत वापरलेला प्लाझ्मा कमजोर होता, असे त्यात संशोधकांनीच मान्य केले आहे, मग तिचा निकाल धरायचा कशाला, असे ते म्हणत. दुसऱ्या बाजूचे लोक सारांशातले शेवटचे वाक्य दाखवून विषय संपला असे सांगत. दोघांच्याही हातात एकच निबंध होता. त्यातले कोणते वाक्य किती वजनाचे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न मात्र दोघांनी अर्धवट सोडला होता.

वैद्यकीय शोधनिबंधाची मांडणी बहुतेक ठरलेली असते. आधी सारांश, मग प्रस्तावना, अभ्यासाची पद्धत, मिळालेले आकडे, त्यानंतर ‘चर्चा’ आणि निष्कर्ष. चर्चेत संशोधक आकड्यांचा अर्थ लावतात, आधीच्या अभ्यासांशी ताडून पाहतात आणि आपल्या कामातल्या उणिवा सांगतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बलस्थाने आणि मर्यादा अशा स्वतंत्र मथळ्याखाली हा मजकूर येतो. बातमी लिहिणारा बहुधा सारांशावर थांबतो. निष्कर्षाला किती धरून चालायचे याचे उत्तर मात्र या मागच्या दोन-तीन परिच्छेदांत असते, आणि ते काढण्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

तो भारतीय निबंध २२ ऑक्टोबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या या चाचणीचे नाव ‘प्लॅसिड’. ४६४ प्रौढ रुग्ण घेतले गेले. सगळे मध्यम आजाराचे, म्हणजे ऑक्सिजन उतरलेला, पण अवस्था अजून अतिगंभीर नाही असे. कोणाला प्लाझ्मा मिळणार हे डॉक्टरने ठरवले नाही, चिठ्ठी टाकावी तसे ते दैवावर सोडले गेले. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर चोवीस तासांच्या अंतराने २०० मिलिलीटरच्या दोन पिशव्या मिळाल्या आणि २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांत आजार गंभीर होणे किंवा मृत्यू येणे ही मुख्य मोजणी होती. प्लाझ्मा गटात असे ४४ जण निघाले, दुसऱ्या गटात ४१. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के.

आता मर्यादांकडे. पहिली उणीव सगळ्यात उघड होती. चाचणी खुली होती. कोणाला प्लाझ्मा मिळतो आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक होते आणि रुग्णांनाही. खोटी पिशवी लावून दोन्ही गट सारखे भासवण्याची सोय नव्हती.

वरवर पाहणारा म्हणेल, चला, चाचणीत खोट आहे, विश्वास कमी करा. इथेच क्षणभर थांबायला हवे. उणीव सापडली की विचारायचे असे की ही उणीव निकालाला कोणत्या बाजूला ढकलेल? २०२० च्या उन्हाळ्यात प्लाझ्माकडे लोक मोठ्या आशेने पाहत होते. ज्याला प्लाझ्मा मिळतो आहे हे माहीत आहे, त्याच्याबद्दल डॉक्टरचे मत थोडे अधिक आशावादी होणार आणि रुग्णालाही थोडे बरे वाटणार. म्हणजे खुलेपणाचा धक्का लागलाच, तर तो बहुतांशी प्लाझ्माच्या बाजूने. आणि एवढा अनुकूल वारा असूनही मुख्य मोजणीत प्लाझ्मा पुढे गेला नाही. म्हणजे ही मर्यादा ‘फायदा दिसला नाही’ या निष्कर्षाला दुबळे करत नाही. उलट त्या मोजणीत मृत्यूही होता, आणि मृत्यू मोजताना कोणाच्या आशेने आकडा हलत नाही.

त्याच निबंधात दुसरा एक निकाल होता, आणि तीच मर्यादा तिथे वेगळे काम करते. सातव्या दिवशी धाप आणि थकवा गेलेल्यांचे प्रमाण प्लाझ्मा गटात जास्त होते. हा निकाल समर्थकांना प्रिय होता. पण धाप कमी झाली का, थकवा गेला का, हे रुग्णाच्या सांगण्यावरून ठरते. आपल्याला खास उपचार मिळाला आहे हे माहीत असलेला माणूस या प्रश्नाचे उत्तर थोडे वेगळे देतो. म्हणून खुलेपणाची उणीव या निकालाला जोरात लागते. एकाच निबंधातली एकच उणीव एका निष्कर्षाला जवळजवळ स्पर्श करत नाही आणि दुसऱ्याला पोखरते. मर्यादांची यादी वाचून ‘अभ्यास चांगला’ किंवा ‘अभ्यास वाईट’ असा एकगठ्ठा शेरा मारणे म्हणूनच चुकीचे आहे. प्रत्येक उणीव प्रत्येक निष्कर्षाला स्वतंत्रपणे लावून पाहावी लागते.

दुसरी उणीव अधिक अवघड होती. बरे झालेल्या माणसाच्या प्लाझ्मात विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे असतात, आणि सगळी मदार त्यांच्यावरच. ती किती आहेत हे पिशवी देण्याआधी मोजलेच गेले नव्हते, कारण त्या महिन्यांत भारतातल्या रुग्णालयांकडे तशी खात्रीची चाचणी उपलब्ध नव्हती. नमुने साठवून ठेवले गेले आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. दात्यांच्या प्लाझ्माची मध्यवर्ती पातळी १:४० निघाली. सोप्या भाषेत, प्लाझ्मा चाळीस पट पातळ करेपर्यंतच तो विषाणूला रोखू शकत होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या काळात १:१६० ची पातळी सुचवली होती, आणि तसा प्लाझ्मा नसेल तर १:८० ची. भारतातले बहुतेक दाते तरुण आणि सौम्य आजारातून उठलेले होते. ज्याचा आजार सौम्य त्याच्याकडे प्रतिपिंडेही सहसा कमी.

या उणिवेची दिशा पहिलीच्या उलट आहे. औषध पातळ असेल तर खरा फायदाही दिसणार नाही. म्हणजे इथे ‘फायदा नाही’ या निष्कर्षाला खरोखर धक्का बसतो आणि समर्थकांचा मुद्दा रास्त ठरतो. पण किती रास्त? त्यासाठी निष्कर्षाचे वाक्य पुन्हा नीट वाचावे लागते. ‘प्लाझ्मा निरुपयोगी आहे’ असे संशोधकांनी लिहिलेच नव्हते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की प्रयोगशाळांची सोय मर्यादित असलेल्या ठिकाणी प्लाझ्मा प्रत्यक्षात जसा वापरला जातो, तसा वापरला असता आजार बळावणे किंवा मृत्यू कमी झाला नाही. दात्याची आणि रुग्णाची प्रतिपिंडे आधी मोजली तर चित्र अधिक स्पष्ट होऊ शकेल. मर्यादेत जे मान्य केले, ते निष्कर्षाच्या वाक्यातही उतरले होते.

विश्वासार्ह चर्चेची ही मोठी खूण आहे. अनेक निबंधांत मर्यादांचा परिच्छेद पोस्टाच्या शिक्क्यासारखा येतो, ‘नमुना लहान होता, आणखी संशोधन हवे’, आणि पुढच्याच ओळीत निष्कर्ष असा लिहिलेला असतो की जणू तो परिच्छेद नव्हताच. मर्यादा आणि निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्याने दुसऱ्याला आवर घातला आहे का, हे लगेच कळते.

या मोजपट्टीने पाहिले तर एप्रिल २०२१ मधल्या मुलाला हा निबंध फार कामाचा होता. नात्यागोत्यातून, ग्रुपवरून मिळालेल्या अनोळखी दात्याचा प्लाझ्मा, प्रतिपिंडे न मोजता, ऑक्सिजन उतरल्यावर बापाला देणे, ही अगदी तीच परिस्थिती होती जी प्लॅसिडने तपासली होती. ‘चांगल्या प्लाझ्माने कदाचित फायदा होईल’ ही शक्यता खुली होती. ‘मिळेल त्या प्लाझ्माने फायदा होईल’ ही शक्यता मात्र निबंधाने बरीच अरुंद केली होती.

बरीच, पूर्ण नाही. इथे आकड्यांमधली एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे अनिश्चिततेचा पट्टा. दोन गटांतल्या धोक्याचे गुणोत्तर १.०४ आले, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण त्याभोवतीचा पट्टा ०.७१ ते १.५४ होता. प्लाझ्माने धोका २९ टक्क्यांनी कमी होतो असे मानले तरी हे आकडे त्याला फारसे नाकारत नाहीत, आणि ५४ टक्क्यांनी वाढतो असे मानले तरी नाहीत. ४६४ रुग्णांत यापेक्षा बारीक उत्तर मिळणे कठीण असते. म्हणून ‘फायदा दिसला नाही’ आणि ‘फायदा नाही हे सिद्ध झाले’ या दोन वाक्यांत अंतर आहे, आणि ते राखले आहे का हे चर्चेच्या भाषेतून कळते.

आता दुसऱ्या टोकाचा निबंध पाहू. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नेतृत्वाखाली झालेल्या कामाचा मसुदा, तज्ज्ञांच्या छाननीआधीच, सर्वांसाठी खुला झाला. त्यात ३५,३२२ रुग्ण होते. आकडा ऐकूनच दबून जावे असा. पण हे सगळेच्या सगळे प्लाझ्मा मिळालेले रुग्ण होते. प्लाझ्मा न मिळालेला तुलनेचा गटच नव्हता. तुलना होती ती लवकर मिळालेले आणि उशिरा मिळालेले यांची, आणि भरपूर प्रतिपिंडांचा प्लाझ्मा मिळालेले व कमी प्रतिपिंडांचा मिळालेले यांची.

निदानापासून तीन दिवसांत प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी ८.७ टक्के सात दिवसांत दगावले, चौथ्या दिवशी किंवा नंतर मिळालेल्यांपैकी ११.९ टक्के. लवकर दिल्याचा फायदा? असेलही. पण लवकर उपचार मिळणारा आणि उशिरा मिळणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असतो. उशिरा प्लाझ्मा मागवला जातो तो बऱ्याचदा आधीचे उपचार लागू न पडल्यामुळे. चाचणी सुरू झाली त्या एप्रिलमध्ये रुग्णालये ओसंडत होती, जुलैपर्यंत डॉक्टरांचे हात बसले होते आणि इतर औषधेही बदलली होती. संख्याशास्त्राने यातले काही फरक जुळवून घेता येतात, पण नोंदवहीत नसलेला फरक जुळवता येत नाही. यादृच्छिक चाचणी नसल्याची ही मर्यादा संशोधकांनी लपवली नव्हती. मात्र निबंधाच्या शीर्षकात ‘प्लाझ्माचा मृत्यूदरावर प्रभाव’ असा शब्द होता. तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासाला ‘संबंध’ म्हणता येतो, ‘प्रभाव’ म्हणण्याचा अधिकार नसतो. चर्चा वाचताना क्रियापदांवर बोट ठेवून पुढे सरकावे असे म्हणतात ते यासाठी. ‘घट आढळली’ आणि ‘घट केली’ यांच्यामध्ये अख्खी चाचणी उभी असते.

मर्यादा न वाचल्याची किंमत लगेच दिसली. या अभ्यासात ३,०८२ रुग्णांच्याच प्लाझ्मातली प्रतिपिंडे मोजलेली होती. त्यांपैकी भरपूर प्रतिपिंडांच्या गटात सात दिवसांतला मृत्यूदर ८.९ टक्के होता आणि कमी प्रतिपिंडांच्या गटात १३.७ टक्के. भागाकार केला की साधारण ३५ टक्के घट येते. २३ ऑगस्ट २०२० रोजी प्लाझ्माला तातडीची परवानगी जाहीर करताना अमेरिकी औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त स्टीफन हान यांनी, शंभर आजारी माणसांपैकी ३५ जण प्लाझ्मामुळे वाचले असते, असा अर्थ सांगितला. वरच्याच आकड्यांवरून वजाबाकी करा. शंभरात १३.७ च्या जागी ८.९ म्हणजे पाचच्या आसपास. तेही प्लाझ्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत नव्हे, कमी दर्जाचा प्लाझ्मा मिळालेल्यांच्या तुलनेत. दुसऱ्याच दिवशी हान यांनी टीका रास्त असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

३५ हजारांच्या अभ्यासापेक्षा ४६४ जणांचा अभ्यास मुख्य प्रश्नाबाबत जास्त भरवशाचा निघतो, हे पहिल्यांदा पटत नाही. पण संख्येने दैवाचा खेळ कमी होतो, तुलनाच चुकीची असेल तर ती संख्येने सुधारत नाही.

प्लॅसिडच्या मर्यादा खऱ्या होत्या की पळवाटा, हे ठरवायला पुढचे अभ्यास आले, आणि या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे. अर्जेंटिनातल्या ‘प्लाझ्मार’ चाचणीचा निकाल नोव्हेंबर २०२० मध्ये आला. तिथे गंभीर न्यूमोनियाचे ३३३ रुग्ण होते, खोटी पिशवी वापरून कोणाला काय मिळते आहे हे झाकलेले होते आणि प्लाझ्मातली प्रतिपिंडे आधी मोजलेली होती. म्हणजे प्लॅसिडच्या दोन्ही उणिवा भरून काढलेल्या. मध्यवर्ती पातळी १:३२०० होती. हा आकडा प्लॅसिडच्या १:४० शेजारी ठेवून ‘८० पट ताकदीचा’ असे मात्र म्हणायचे नाही, कारण दोन ठिकाणी मोजण्याची पद्धतच वेगळी होती. अर्जेंटिनात एकूण प्रतिपिंडे मोजली, पुण्यात विषाणूला निकामी करणारी. तरीही प्लाझ्मा निवडून घेतलेला होता हे नक्की. मृत्यूदर प्लाझ्मा गटात १०.९६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.४३ टक्के. फरक जवळपास नाहीच.

मग ब्रिटनची ‘रिकव्हरी’ चाचणी. ११,५५८ रुग्ण आणि भरपूर प्रतिपिंडांचाच प्लाझ्मा. जानेवारी २०२१ च्या मध्यावर प्लाझ्मासाठी नवे रुग्ण घेणे थांबवले गेले, कारण फायदा दिसत नव्हता. २८ दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत २४ टक्के. ४६४ जणांत जो पट्टा रुंद होता तो इथे आवळला गेला. प्लाझ्मा कमजोर होता म्हणून प्लॅसिड नापास, हा युक्तिवाद रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांपुरता इथे संपला.

पण प्लॅसिडच्या चर्चेत आणखी एक ओळ होती आणि तिच्याकडे फार कमी जणांनी पाहिले. चाचणीत दाखल झाले तेव्हाच सुमारे ८३ टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडे तयार होती, आणि ती दात्यांच्या प्लाझ्मापेक्षा जास्त पातळीची होती. भरलेल्या हंड्यात तांब्याभर पाणी ओतण्यासारखे हे झाले. या ओळीतून एक वेगळाच प्रश्न निघतो. शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होण्याआधीच प्लाझ्मा दिला तर?

त्याचे एक उत्तर जानेवारी २०२१ मध्ये अर्जेंटिनातूनच आले. वयस्कर, सौम्य लक्षणांच्या १६० जणांना लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत भरपूर प्रतिपिंडांचा प्लाझ्मा किंवा खोटी पिशवी दिली गेली. श्वसनाचा गंभीर त्रास प्लाझ्मा गटात १६ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात ३१ टक्क्यांना. याही निबंधाच्या मर्यादा वाचायलाच हव्यात. ठरवलेले २१० रुग्ण पूर्ण होण्याआधी, परिसरातली साथ ओसरल्यामुळे, चाचणी थांबवावी लागली होती, आणि लवकर थांबलेल्या लहान चाचण्यांत फायदा फुगून दिसण्याचा धोका असतो. म्हणून हा आकडा जसाच्या तसा धरू नये, दिशा धरावी.

भारतात एप्रिल २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्लाझ्मा फक्त सुरुवातीच्या मध्यम आजारात, शक्यतो लक्षणांच्या सात दिवसांच्या आत आणि भरपूर प्रतिपिंडांचा असेल तरच विचारात घ्यावा असे म्हटले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपवरचे बरेच निरोप मात्र अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी होते. जिथे थोडीफार आशा शिल्लक होती त्याच्या बरोबर उलट टोकाला. महिनाभरात, १७ मे २०२१ रोजी, प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय सूचनांमधून काढून टाकण्यात आला.

पुढच्या वेळी एखादा उपचार, आहार किंवा गोळी ‘संशोधनातून सिद्ध’ म्हणून समोर येईल तेव्हा मूळ निबंध शोधावा. प्लॅसिडसारखे अनेक निबंध फुकट वाचता येतात. सारांश वाचून झाल्यावर थेट मर्यादांच्या परिच्छेदावर जावे, एकेक उणीव घेऊन ती निकालाला कोणत्या बाजूला ढकलते ते कागदावर लिहावे आणि मग निष्कर्षाचे वाक्य पुन्हा वाचावे. तुलना कोणाशी आहे, हे त्या परिच्छेदात सापडले नाही तर ते आपणच शोधावे, कारण सर्वांत मोठी उणीव कधीकधी यादीत नसते. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवावे. तासाभराचे काम आहे, आणि रुग्णालयाच्या दारात उभे राहण्याआधी ते झालेले बरे.